फळ्याच्या फोटोवरून वही उतरवताना या चुका टाळा: जुना खडू, नवा खडू आणि एक वर्गसमीकरण

तास संपल्यावर वर्गातलं कोणीतरी फळ्याचा फोटो काढतं आणि ग्रुपवर टाकतं. त्या दिवशी न आलेली पोरं संध्याकाळी त्यावरून वही पूर्ण करतात. आमच्या भागात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली, शेतात हात लागतो म्हणून मध्येच खाडे करणारी किंवा एसटी चुकल्यामुळे पहिला तास हुकलेली लेकरं या फोटोंवर फार अवलंबून असतात. मी परभणी जिल्ह्यात दहावीला बीजगणित शिकवतो. तपासायला आलेल्या वह्यांत सोडवण्याची चूक कुठली आणि उतरवण्याची चूक कुठली, हे आता लगेच लक्षात येतं. उतरवण्याच्या बहुतेक चुका फळ्यावरच्या जुन्या खडूच्या पुसट खुणांमुळे होतात.

या खुणा येतात कुठून, हे आधी पाहू. आपल्या शाळांतले बरेच फळे म्हणजे भिंतीवरचं सिमेंट आणि त्यावर काळा रंग. रंग जुना झाला की पृष्ठभाग खरबरीत होतो आणि खडूची बारीक पूड त्याच्या छिद्रांत बसते. कोरड्या डस्टरने वरची पूड निघते, आतली राहते. ओल्या फडक्याने पुसलं तर फळा ओला असेपर्यंत काळाभोर दिसतो, पण पाणी वाळलं की विरघळल्यासारखी वाटणारी तीच पूड पांढरट थर होऊन वर येते. म्हणून तासाच्या सुरुवातीला स्वच्छ वाटलेला फळा तास संपता संपता, म्हणजे नेमका फोटोच्या वेळी, जुनी अक्षरं दाखवू लागतो.

आता एक फळा नीट बघू. १८ सप्टेंबरचा दिवस. आदल्या दिवशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन झालेला, त्यामुळे फळ्याच्या वरच्या भागात मोठ्या अक्षरांत "१७ सप्टेंबर १९४८" आणि त्याखाली "मराठवाडा मुक्तिसंग्राम" असं लिहिलेलं होतं. ते पुसून त्याच जागी बीजगणिताचं उदाहरण लिहिलं. गणित इंग्रजी अंकांत, दिनविशेष मराठी अंकांत. खरा मजकूर असा होता:

```
x² - 15x + 54 = 0
x² - 9x - 6x + 54 = 0
x(x - 9) - 6(x - 9) = 0
(x - 9)(x - 6) = 0
x = 9 किंवा x = 6
```

पहिल्या ओळीतल्या 54 च्या डावीकडे, अधिकचं चिन्ह आणि 5 यांच्यामधल्या जागेत, १९४८ मधला ४ पुसट उरला होता. मराठी ४ चं वरचं तोंड डस्टरने फासलं गेलं की तो हुबेहूब इंग्रजी 8 दिसतो. एका मुलीचा रात्री मेसेज आला, "सर, चौपन्न आहे का आठशे चौपन्न?" तिने विचारलं, हे बरं केलं. न विचारता उतरवणाऱ्यांच्या वह्यांत दोन वेगवेगळ्या चुका सापडतात आणि त्या एकमेकींच्या उलट असतात.

पहिली चूक: फोटो आधी स्कॅनच्या फिल्टरमधून काढणं

पानं स्कॅन करणाऱ्या अॅपमधला काळा-पांढरा फिल्टर कागदासाठी असतो. आजूबाजूपेक्षा वेगळी दिसणारी प्रत्येक रेघ तो ठळक करतो. कागदावर ते चालतं, कारण तिथे शाई तरी असते नाही तर नसते. फळ्यावर मात्र काळा, करडा आणि पांढरा असे तिन्ही असतात, आणि हा फिल्टर करड्याला उचलून पांढऱ्याच्या पंगतीला बसवतो. वर सांगितलेल्या फोटोत फिल्टर लावताच तो ४ अगदी ताज्या खडूसारखा झाला आणि समीकरण `x² - 15x + 854 = 0` असं दिसू लागलं. फोनच्या कॅमेऱ्यातला HDR सुद्धा अंधारे भाग उजळतो, त्यामुळे फोटो काढतानाच खुणा वर येतात. फळ्याचा फोटो काढणाऱ्याने तो बंद ठेवलेला चांगला. फ्लॅशही नको, त्याने मधोमध पांढरा डाग पडतो.

उपाय याच्या उलट दिशेचा आहे. फोनच्या गॅलरीत फोटो संपादित करताना `Black point` हा पर्याय असेल तर तो थोडा थोडा वाढवा. नसेल तर `Shadows` कमी करा. करडा रंग काळ्यात बुडतो आणि जुनी अक्षरं आधी नाहीशी होतात, कारण त्यांच्यात पूड कमी असते.

दुसरी चूक: फोटो गरजेपेक्षा जास्त गडद करणं

इथे पोरं हमखास फसतात, कारण स्वच्छ झालेला फोटो खराच वाटतो. खडूने अधिकचं चिन्ह काढताना आडवी रेघ दाबून पडते आणि उभी रेघ झटक्यात, हलक्या हाताने ओढली जाते. फोटो गडद करत गेलं की ४ जातो, पण त्याच्यापाठोपाठ अधिकच्या चिन्हाची उभी रेघही जाते. उरतं ते वजा. वहीत येतं:

```
x² - 15x - 54 = 0
```

हे समीकरण सोडवून बघा. -18 आणि +3 यांचा गुणाकार -54 आणि बेरीज -15. म्हणजे `(x - 18)(x + 3) = 0`, उत्तर 18 किंवा -3. काहीही अडलं नाही, अपूर्णांक आला नाही, उत्तर सुबक आलं. म्हणून कुणाला शंकाही येत नाही. 854 उतरवणारा निदान अडतो, कारण त्याचे पूर्णांकात अवयवच पडत नाहीत आणि तो परत फोटोकडे वळतो. वजा चोपन्नवाला मात्र चुकीचं उदाहरण बरोबर सोडवून पुढे जातो. उत्तर नीट आलं म्हणजे उतरवलेलं बरोबर, असं कधीही धरू नका.

खरी तपासणी पुढच्या ओळीशी करायची. फळ्यावर दुसऱ्या ओळीत `- 9x - 6x` आहे. -9 आणि -6 यांची बेरीज -15 आणि गुणाकार +54. म्हणजे पहिल्या ओळीत अधिक 54 असायलाच हवं. तुमच्या -18 आणि +3 चा फळ्यावर कुठे मागमूस नाही. अशा वेळी आपलं उत्तर धरून फळ्याची दुसरी ओळ "सरांनी चुकून लिहिली" म्हणून बदलू नये. आधी पहिली ओळ मूळ फोटोत मोठी करून पुन्हा पाहावी.

म्हणून गडद केलेला फोटो ओळींचा क्रम कळण्यापुरता वापरा, आणि एखादं चिन्ह ठरवायचं असेल तेव्हा मूळ फोटोकडेच जा.

मूळ फोटोत जुनं-नवं कसं ओळखायचं

बोटांनी पूर्ण मोठं करा. ताज्या खडूची रेघ दाणेदार दिसते. तिच्यात बारीक काळी टिंबं राहतात, कारण खडू फळ्याच्या उंचवट्यांवरच टेकतो. जुनी खूण सपाट, धुरकट असते आणि तिच्या कडा विरलेल्या असतात. याहून भरवशाची गोष्ट म्हणजे डस्टरचे फराटे. डस्टर ज्या दिशेने फिरला त्या दिशेच्या फिक्या पट्ट्या फळ्यावर दिसतात. त्या पट्ट्या जुन्या अक्षरावरून आरपार जातात आणि त्याला कापतात. नवं अक्षर मात्र पट्ट्यांच्या वर असतं, त्याची रेघ कुठे तुटत नाही. अधिकच्या त्या उभ्या रेघेवर हीच खूण लावली की ती फिकी असली तरी दाणेदार आणि अखंड दिसते, म्हणजे ती आजची.

दुसऱ्या ओळीत वेगळाच घोळ होता. "मराठवाडा मुक्तिसंग्राम"ची शिरोरेषा 9x आणि 6x यांच्या मधून गेली होती, आणि तिथे खरं वजाही होतं. अशा जागी रेघेची टोकं पाहा. वजा दोन पदांच्या मधल्या मोकळ्या जागेत सुरू होऊन तिथेच संपतं. शिरोरेषा अंकांच्या मागून पुढे जात राहते आणि तिला खाली काना, वेलांटी अशी काही तरी लोंबलेली असते. इथे दोन्ही रेघा होत्या, एक धुरकट लांब आणि तिच्या जरा खाली एक आखूड पांढरी. तिसऱ्या ओळीतल्या `- 6(x - 9)` ने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

मराठीच्या आणि इतिहासाच्या टिपणांत हाच त्रास अनुस्वाराचा होतो. खडूचा कण शिरोरेषेवर चिकटला की "मद"चा "मंद" होतो. आजूबाजूला रिकाम्या जागीही तसेच कण विखुरलेले दिसत असतील तर त्या ठिपक्यावर विसंबू नका, वाक्याचा अर्थ पाहा. दशांशचिन्हाचंही तेच.

तिसरी चूक: एकाच फोटोवर अडून बसणं

ग्रुपवर आदल्या दिवशीचा फोटो बहुधा असतोच. तो उघडा. त्याच फळ्यावर त्या जागी काय लिहिलं होतं ते ठळक दिसतं, आणि आज मागे डोकावणारं अक्षर कोणतं हे क्षणात कळतं. १७ तारखेच्या फोटोत १९४८ दिसला की आजच्या 8 चा प्रश्न तिथेच मिटतो. ही युक्ती पोरांना सुचत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

शिवाय व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि खडूचे दाणे त्यात मिसळून जातात. मग वर सांगितलेली ओळखच करता येत नाही. मित्राला सांगा, "तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव." फळा अजून पुसला नसेल तर खिडकीचा उजेड चमकणार नाही अशा बाजूने, जरा तिरपा, दुसरा फोटो मागवा. चमक जिथे पडते तिथे जुनं-नवं दोन्ही सारखंच पांढरं दिसतं.

जिथे हे सगळं कमी पडतं

शिक्षकांनी एकाच तासात अर्धा फळा पुसून त्यावर पुढचं उदाहरण लिहिलं असेल तर मागचं-पुढचं दोन्ही गणितच, हस्ताक्षर एकच, अंकही त्याच लिपीत. आदल्या दिवशीच्या फोटोचा तिथे उपयोग नाही. डस्टरचे फराटे आणि पुढच्या ओळीशी मेळ, एवढेच दोन आधार उरतात. शेवटची ओळ फोटोच्या कडेला कापली गेली असेल तर दुसराही आधार जातो. बोटाने पुसून केलेली दुरुस्ती मात्र ओळखू येते. तिच्याखाली अंकाएवढाच छोटा गोलसर फासलेला डाग असतो आणि त्यावरचा अंक ताजा असतो. तोच घ्यायचा.

एवढं करूनही ठरत नसेल तर अंदाजाने भरू नका. वहीत त्या जागी चौकट काढा, दोन्ही शक्यता पेन्सिलीने लिहा आणि विचारताना नेमकं विचारा: "सर, पहिल्या ओळीत शेवटच्या पदाचं चिन्ह अधिक आहे का वजा? दुसऱ्या ओळीवरून अधिक वाटतंय." अशा मेसेजला उत्तर द्यायला शिक्षकाला अर्धा मिनिटही लागत नाही. "सर, फोटो दिसत नाही" असं लिहिलं तर मात्र मला पूर्ण फळा पुन्हा आठवावा लागतो, आणि तोवर तो पुसून त्यावर भूमितीही लिहून झालेली असते.