सॉल्व्हर ‘Infeasible’ म्हणतो? ड्युटी लावताना या चुका टाळा

समजा, सातारा आगारातून वाई, मेढा आणि कोरेगाव अशा तीन जाऊन-येऊन फेऱ्या आहेत. ड्युट्याही तीनच आखल्या: वाई-मेढा, मेढा-कोरेगाव, वाई-कोरेगाव. प्रत्येक ड्युटीला पगाराचे 8 तास. अट एवढीच की प्रत्येक फेरी नेमक्या एका चालक-वाहक जोडीकडे जावी. सॉल्व्हर, म्हणजे अटी पाळून सर्वांत कमी तासांचं उत्तर शोधणारा प्रोग्राम, चालवला की पडद्यावर येतं `Infeasible`, म्हणजे सगळ्या अटी पाळणारं उत्तरच नाही. कारण साधं आहे: प्रत्येक ड्युटीत दोन फेऱ्या, आणि फेऱ्या तीन.

इथे बहुतेक जण पटकन `== 1` चं `>= 1` करतात. उत्तर मिळतं, पण दोन ड्युट्या निवडल्या जातात, 16 तास लागतात आणि एका फेरीवर दोन जोड्या येतात. विमान कंपन्यांत हे चालतं, कारण जादा कर्मचारी त्याच विमानातून प्रवासी म्हणून पुढच्या ठिकाणी जाऊ शकतात. आपल्याकडे एका जोडीची ती फेरी नंतर खोडता येईल असं वाटतं. जाऊन-येऊन फेरीत ते जमतंही. पण सातारा ते कराड अशी एकेरी फेरी खोडली आणि त्या जोडीची पुढची गाडी कराडहून सुटत असेल, तर जोडी साताऱ्यातच राहते. ती ड्युटीच मोडली.

दुसरी चूक म्हणजे अपूर्णांकातल्या उत्तरावर विसंबणं. ड्युटी घेतली तर 1, नाही तर 0, ही पूर्णांकाची अट काढली तर तिन्ही ड्युट्या 0.5 येतात, खर्च 12 तास, प्रत्येक फेरीची बेरीज बरोबर 1. सगळं जुळल्यासारखं दिसतं. मात्र वर पूर्ण केलं तर प्रत्येक फेरी दोनदा येते, खाली केलं तर एकही उरत नाही.

त्यापेक्षा बरोबरीची अट तशीच ठेवा आणि प्रत्येक फेरीला ‘सुटली’ असं दर्शवणारा, दंड लावलेला चल द्या:

```python
for f in feri:
    m += lpSum(x[d] for d in duty if f in d) + sutli[f] == 1
```

ड्युटी 8 तासांची असेल तर 100 दंड पुरतो. कोट्यवधींचा दंड लावला की सॉल्व्हरच्या बारीक दशांश चुकाही मोठ्या होतात. `sutli` पूर्णांक उत्तरातच तपासा, अपूर्णांक उत्तरात तो इथे शून्यच दिसेल. आणि मेढा सुटली असं दिसलं म्हणून दोष मेढ्याच्या फेरीत शोधत बसू नका. इथे तिन्हींपैकी कुठलीही सुटू शकते. दोष ड्युट्यांच्या यादीत आहे.

म्हणून यादीत एकेका फेरीच्या ड्युट्या घाला, समजा प्रत्येकी 6 तासांच्या. आता उत्तर येतं 8 + 6 = 14 तास, एकही फेरी सुटत नाही. अपूर्णांकातलं उत्तर मात्र अजून 12 वरच अडतं. मूळच्या तीन ड्युट्यांपैकी कुठल्याही दोघींत एक फेरी सामाईक आहे, त्यामुळे तिघींतून फार तर एकच निवडता येते. ही अट वेगळी लिहून दिली की तेही 14 वर येतं.