लॉक्समधला चिकट थर आणि मुळाशी पातळ झालेले केस

माझ्या लॉक्सच्या, म्हणजे जटांसारख्या वळलेल्या केसांच्या, आत राखाडी काहीतरी दिसायचं, आधी कोंडा वाटला, पण कोंडा झटकला की पडतो, हे चिकट होतं आणि लॉक पिळला की गढूळ पाणी यायचं, म्हणजे वॅक्स आणि क्रीमचा थर. दोन्ही बंद केलं. आता नोझलच्या बाटलीत एक भाग पारदर्शक शाम्पू, साधारण चार भाग पाणी, ते थेट टाळूवर भांगाभांगातून सोडायचं आणि बोटांच्या पेरांनी चोळायचं, नखं नाहीत. लॉक्स घासायचे नाहीत, खाली ओघळणारा फेस पुरतो. मग एकेक लॉक मुळापासून टोकापर्यंत दाबत, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचा, खरा वेळ इथेच जातो (कंटाळा येतो, पण इलाज नाही). नंतर टॉवेलने दाबून ड्रायर, कारण आतून ओला राहिला की कुबट वास येतो.

मुळं पातळ व्हायला लागली ती सारख्या घट्ट रीट्विस्टने, म्हणजे मुळाशी उगवलेले नवे केस पुन्हा पिळून लॉकमध्ये घेण्याने. आता सहा आठवड्यांनी एकदा, तेही सैल, आणि उंच बुचडा नाही. रीट्विस्टनंतर टाळू दुखली किंवा मुळाशी बारीक पुळ्या आल्या तर ते जास्त घट्ट झालंय, लगेच सैल करा. केस गेलेली जागा गुळगुळीत, चकचकीत दिसत असेल तर मात्र सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, तिथे तेलाने काही होत नाही.