सकाळी डिझेल गाडी लवकर सुरू होत नाही, पांढरा धूर येतो? या चुका टाळा

थंड इंजिनाचा पांढरा धूर म्हणजे बहुतेक वेळा न जळलेलं डिझेल. सिलिंडरमध्ये हवा पुरेशी तापलेली नसते, फवारा पेटत नाही आणि त्याची वाफ सायलेन्सरमधून बाहेर पडते. ती डोळ्यांना झोंबते. वास गोडसर असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर आधी हेड गॅस्केट बघा.

थंड सिलिंडर तापवायला हीटर प्लग असतात. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सगळ्या प्लगना जोडणारी वरची पट्टी न काढता ते मोजणं. निफाडच्या जानेवारीतली एक पिकअप घ्या. जुना पंप, चार सिलिंडर. सकाळी दहा-बारा सेल्फ मारावे लागायचे. मीटर लावला, ०.४ ओहम आलं, ‘प्लग चांगले’ असा निकाल लागला आणि डिझेल फवारणारे चारही नोझल लॅबला गेले. परत बसवले, धूर तसाच. मग पट्टी सोडून एकेक प्लग मोजला: दोन ०.८ ओहम, दोन OL, म्हणजे तुटलेले. ०.८ चे दोन समांतर जोडले की ०.४ च होतात. पट्टी असताना चांगले प्लग मेलेल्यांना झाकतात. मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवा आणि येणारा आकडा वजा करा. इतक्या कमी मापात तो फरक मोठा असतो.

प्लग चांगले निघाले, तर हीटर चालू असताना पट्टीवर व्होल्ट बघा. तिथे काहीच येत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले बघा. प्लग काढायचाच असेल, तर इंजिन गरम असताना, हळूहळू. थंड हेडमध्ये जोर लावला की प्लग आत तुटतो आणि शंभर रुपयांची घाई हेड उतरवण्यावर जाते. काढलेला प्लग थेट बॅटरीला लावून बघायची सवय सोडा. नव्या गाड्यांत कमी व्होल्टचे प्लग असतात, १२ व्होल्टला ते लगेच जळतात.

आता नोझल. गाडी तापल्यावर धूर गेला तर संशय प्लगवर. तापल्यावरही धूर राहिला, आयडलला इंजिन ठोके देत थरथरलं, तर एखादा नोझल टपकतोय. जुन्या पंपावर एकेक पाइपाचा नट जरा सैल करा. ज्या सिलिंडरला आवाज बदलत नाही, तो दोषी. त्याचा नोझल लॅबमध्ये तपासून घ्या, टोकाला थेंब लोंबतो का ते बघायला सांगा. नोझल बसवताना तांब्याचा वॉशर नवाच टाका, जुना कॉम्प्रेशन सोडतो.

कॉमन रेलला, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून प्रचंड दाबाचं डिझेल मिळतं तिथे, मात्र नट कधीच सोडू नका. हजारो पीएसआयचा फवारा कातडीतून आत शिरतो. तिथे इंजिन आयडलला असताना प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी वेगळ्या बाटलीत सोडा. ज्या बाटलीत बाकीच्यांपेक्षा खूप जास्त डिझेल जमतं, तो इंजेक्टर काढा.

हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रे अजिबात नको. तापलेल्या प्लगवर तो अवेळी पेटतो आणि पिस्टन फुटतो.