प्रेझेंटेशनआधी ग्रुपवर टाकायचा मेसेज : या चुका टाळा

ग्रुप प्रेझेंटेशन बिघडतं तेव्हा आपण बोलणाऱ्यांना दोष देतो. खरी गडबड बहुतेक वेळा आठवडाभर आधी झालेली असते, ग्रुप लीडरने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेल्या मेसेजमध्ये. खेड्यापाड्यांतून तालुक्याच्या कॉलेजात येणाऱ्या मुलामुलींच्या ग्रुपला हे जास्तच लागू पडतं. त्यांना एकत्र भेटायला मिळणारा वेळ एसटीच्या वेळापत्रकात आणि घरच्या शेतकामात अडकलेला असतो. मेसेज ढिला असेल तर तेवढाही वेळ हातचा जातो.

यवतमाळ जिल्ह्यातलं एक तालुक्याचं कॉलेज समोर ठेवू. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची पाच मुलं, विषय कपाशीवरची गुलाबी बोंडअळी, प्रेझेंटेशन शुक्रवारी ५ डिसेंबरला. दोघं तिथेच हॉस्टेलवर राहतात आणि तिघं गावाहून येतात. कापसाचा वेचा सुरू आहे. लीडरने आधीच्या शनिवारी दुपारी हा मेसेज टाकला :

> सर्वांना नमस्कार 🙏 आपलं प्रेझेंटेशन जवळ आलं आहे. सगळ्यांनी आपापली तयारी करा. उद्या किंवा परवा वेळ मिळेल तशी प्रॅक्टिस करू. कोणाला कधी जमतं ते सांगा. फीडबॅक पण देऊ एकमेकांना.

खाली दोन अंगठे आले, एक ‘ओके’ आलं, आणि ग्रुप शांत झाला. मेसेजमध्ये वाईट काहीच नाही, पण त्यावर कुणाला काही करताही येत नाही.

‘उद्या’ आणि ‘कधी जमतं ते सांगा’

शिवारात रेंज नसते. वेचायला गेलेल्या मुलीच्या फोनवर शनिवारचा मेसेज रविवारी सकाळी वाजतो, आणि ती ‘उद्या’ म्हणजे सोमवार समजते. हॉस्टेलवरचा मुलगा रविवार समजून बसलेला असतो. म्हणून मेसेजमध्ये आज, उद्या, परवा हे शब्दच नकोत. वार, तारीख आणि घड्याळाची वेळ तिन्ही लिहा. वार आणि तारीख दोन्ही असले की एक चुकलं तर दुसऱ्यावरून लगेच कळतं.

‘कधी जमतं?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला नम्र वाटतो, पण त्याने पाचही जणांवर ओझं पडतं. प्रत्येकाने आधी दुसऱ्याचं पाहायचं, मग आपलं सांगायचं. परिणामी कुणीच सांगत नाही. लीडरने स्वतः वेळ ठरवून मांडावी आणि फक्त अडचण असेल तर कळवायला सांगावं. ती वेळ मांडण्याआधी एक गोष्ट मात्र बघायची : गावाहून येणाऱ्यांची शेवटची सोयीची गाडी कोणती. आपल्या ग्रुपमधली एक मुलगी म्हणालीच होती, “मले साडेचारची गाडी सापडली नाही, तं मंग घरी जाची पंचाईत होते.” असं असताना ‘कॉलेज सुटल्यावर पाच वाजता’ ही वेळ देणं म्हणजे तिला न सांगता सरावातून काढणं झालं. संध्याकाळचा सराव हॉस्टेलवाल्यांना सोपा पडतो आणि लीडर हॉस्टेलवरचा असेल तर त्याच्या डोक्यात तोच येतो. दुपारची मधली सुटी सगळ्यांची असते, ती धरा. रविवार वेच्याच्या दिवसांत मागूच नका.

नुसतं ‘प्रॅक्टिस’ लिहिणं

प्रॅक्टिस म्हणून मुलं जमतात, पीपीटी उघडतात, पहिल्या स्लाइडच्या रंगावर अर्धा तास जातो आणि घंटा होते. म्हणून प्रत्येक सरावाचं काम वेगळं लिहावं लागतं. दहा-बारा मिनिटांच्या प्रेझेंटेशनला तीन सराव पुरतात, मात्र तिन्हींची कामं एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत.

पहिल्यात कागद हातात घेऊन वाचायचं. इथे फक्त क्रम आणि मजकूर बघायचा. पतंग पकडायचे कामगंध सापळे दोघांनीही सांगितले आणि अळी लागून न उमललेलं फूल म्हणजे डोमकळी कुणीच सांगितली नाही, असल्या गोष्टी इथेच सापडतात. दुसऱ्यात कागद बाजूला ठेवून घड्याळ लावायचं, आणि थांबायचं नाही. कुणी अडखळलं तरी पुढे जायचं, कारण शुक्रवारीही तसंच पुढे जायचं आहे. तिसऱ्यात सगळं पुन्हा बोलायची गरज नाही. सुरुवातीची दोन वाक्यं, एकाकडून दुसऱ्याकडे जाताना म्हणायची वाक्यं आणि शेवट एवढंच घ्या, आणि पीपीटी ज्या कॉम्प्युटरवर दाखवायची आहे त्यावरच उघडून बघा. कृतिदेव किंवा श्रीलिपीमध्ये टाइप केलेलं मराठी दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर अक्षरांचा नुसता गोंधळ होऊन दिसतं. युनिकोडमध्ये टाइप केलेलं असेल आणि सोबत पीडीएफ कॉपी असेल तर हा धोका राहत नाही. लाइन गेली तर काय, हेही त्याच दिवशी ठरवायचं : कोणते आकडे खडूने फळ्यावर लिहायचे, आणि ते कोण लिहिणार.

वेळेचा हिशेब मेसेजमध्येच घाला, कारण इथे नेहमी एकच चूक होते. बोलायला दहा मिनिटं, माणसं पाच, म्हणून प्रत्येकाला दोन मिनिटं, असं धरलं जातं. पण एक जण मागे सरून दुसरा पुढे येईपर्यंत, स्लाइड बदलेपर्यंत पंधरा सेकंद सहज जातात. असे चार बदल म्हणजे एक मिनिट. प्रत्येकाला पावणेदोन मिनिटं दिली तर बोलणं पावणेनऊ मिनिटांचं होतं, बदल धरून पावणेदहा, आणि पंधरा सेकंद नमस्काराला उरतात. पूर्ण दोन मिनिटं वाटलीत तर पाचव्याच्या वाट्याला घंटा येते. आपल्या विषयात पाचव्याकडे उपाय आहेत, म्हणजे शेतकऱ्याच्या सगळ्यांत कामाचा भाग तिथेच कापला जाईल.

‘फीडबॅक देऊ’ म्हणणं

हे सर्वांत महत्त्वाचं, आणि याच्यावरच मेसेज सर्वांत कमी बोलतो. ‘कसं झालं?’ विचारलं की उत्तर येतं, ‘मस्त.’ गावाकडची मुलं एकमेकांना ओळखतात, नात्यागोत्यातली असतात. तोंडावर चूक काढणं जड जातं, मुलींच्या बाबतीत तर आणखी. म्हणून कोण कुणाला आणि काय सांगणार, हे नेमून द्यायला हवं. नेमून दिलं की ते काम होतं, टीका राहत नाही.

नेमताना ‘आपल्या आधी बोलणाऱ्याचं ऐका’ असं पुष्कळ जण ठरवतात. ही चूक आहे. आपली पाळी येण्याच्या जरा आधी माणूस स्वतःच्या पहिल्या वाक्यातच असतो, समोरचं त्याच्या लक्षात राहत नाही. 1973 मध्ये माल्कम ब्रेनर या संशोधकाने हे प्रयोगात दाखवलं : गोल बसून एकेक जण वाचत असताना, आपल्या लगेच आधीच्या माणसाने वाचलेलं लोकांना सर्वांत कमी आठवत होतं. तेव्हा उलटं करा. प्रत्येकाने आपल्या *नंतर* बोलणाऱ्याला ऐकायचं. आपलं बोलून झालेलं असतं, जीव भांड्यात पडलेला असतो, कान मोकळे असतात. पाचव्याने पहिल्याला ऐकायचं, त्याची पाळी अजून लांब असते.

काय सांगायचं, तेही बांधून द्या : एक गोष्ट तशीच ठेवायची, एक बदलायची, दोन्ही स्लाइड नंबरासह, एका मिनिटात. ‘आवाज वाढव’ या सूचनेचं बोलणारी काय करणार? ती म्हणेल, वाढवलाच होता. त्याऐवजी असं सांगा : “चौथ्या स्लाइडवर ‘एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग’ म्हणताना तू फळ्याकडे वळलीस, आकडा मागे ऐकू आला नाही. आकडा आमच्याकडे पाहून बोल.” फवारणी कधी करायची ते त्या आकड्यावर ठरतं, तो हरवला तर अख्खी स्लाइड वाया. आणि ही सूचना पुढच्या सरावात पाळली गेली की नाही, हे डोळ्यांनी दिसतं. चांगली सूचना ओळखायची खूण हीच.

ऐकणाऱ्याने त्या वेळी खुलासा करायचा नाही, वहीत लिहून घ्यायचं. पहिला नंबर लीडरचा लावा. त्याने मान खाली घालून लिहून घेतलं की बाकीच्यांना बोलायला धीर येतो.

आता तोच मेसेज असा होतो :

> शुक्रवार ५ डिसेंबर, सकाळी ११ : बोंडअळीचं प्रेझेंटेशन. १० मिनिटं बोलणं, २ मिनिटं प्रश्न. प्रत्येकाला पावणेदोन मिनिटं.
> सराव झूलॉजी लॅबमध्ये, दुपारी १.१५ ते १.५५.
> सोम. १ डिसें. : कागद पाहून वाचणे, क्रम पक्का.
> बुध. ३ डिसें. : कागदाशिवाय, घड्याळ लावून, दोनदा.
> गुरु. ४ डिसें. : सुरुवात, जोडवाक्यं, शेवट. पीपीटी हॉलच्या कॉम्प्युटरवर.
> सोम. आणि बुध. सरावानंतर प्रत्येकाने आपल्या नंतरच्याला, पाचव्याने पहिल्याला सांगायचं : एक ठेवायची गोष्ट, एक बदलायची, स्लाइड नंबरासह. सुरुवात माझ्यापासून.
> बुधवारी रात्रीनंतर नवीन मजकूर नाही.
> रविवार ३० नोव्हें. रात्री ९ पर्यंत ‘येतो/येते’ लिहा, किंवा कोणता वार जमत नाही ते.

एवढा मजकूर फोनच्या एका पडद्यावर जवळपास मावतो. याच्या वर विषयाचं महत्त्व आणि खाली ‘सर्वांनी सहकार्य करावे’ जोडू नका, त्यात वेळ आणि वार बुडून जातात. व्हॉइस नोट तर नकोच. बसमध्ये ती ऐकता येत नाही आणि वार शोधायला पुन्हा सगळी ऐकावी लागते. मेसेज ग्रुपमध्ये सात दिवसांसाठी पिन करा, नाहीतर तो वाढदिवसांच्या शुभेच्छांखाली जातो.

तरी अडलं तर

रविवारी नऊपर्यंत एखाद्याचं उत्तर नाही आलं, तर ग्रुपवर त्याचं नाव घेऊन विचारू नका. फोन करा. बहुतेक वेळा रिचार्ज संपलेला असतो किंवा फोन भावाकडे असतो. घरी बाबांनी उचलला तर काकांनाच सांगा की सोमवारी दुपारी सव्वाएक ते दोनपर्यंत थांबायचं आहे, साडेचारची गाडी चुकणार नाही.

बुधवारी घड्याळात साडेअकरा मिनिटं आली, तर ‘जरा भरभर बोला’ हा उपाय नाही. भरभर बोलल्याने आकडे गिळले जातात. मजकूर काढावा लागतो, आणि तो लांबलेल्याच्याच भागातून काढायचा. आपल्या ग्रुपमध्ये बहुधा अळीच्या जीवनक्रमाची स्लाइड लांबते. अंडी, अळी, कोष, पतंग हे चित्रात दिसतंच, ते वाचून दाखवायची गरज नसते.

एखादी सरावाला येऊच शकली नाही, तर तिचा भाग सोडून पुढे जाऊ नका, कारण मग तिच्या आधीची आणि नंतरची जोडवाक्यं कुणाचीच होत नाहीत. तिच्या आधी बोलणाऱ्याने तिचा कागद पाहून वाचायचा आणि वेळ मोजायची. सूचना तिला त्याच दिवशी लेखी पाठवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाआधी तिच्याकडून तेवढी पावणेदोन मिनिटं बोलून घ्यायची. शुक्रवारीच गाडी चुकली, तर तिचा भाग कोण बोलणार हेही यातूनच ठरलेलं असतं.