पाईपला जाळी बांधली, तरी डास का? संडासाच्या टाकीवरच्या या चुका टाळा

दिवसा घरात डास नाहीत आणि दिवेलागणीनंतर कानाशी गुणगुण सुरू होते, तेव्हा कूलरचं पाणी फेकून फारसं काही साधत नाही. कोरडा दिवस पाळायचा तो डेंग्यूच्या डासासाठी, कारण तो स्वच्छ पाण्यात वाढतो. रात्री चावणारा क्युलेक्स घाण पाण्यातला: सेप्टिक टाकी, शोषखड्डा, तुंबलेलं गटार. त्याची मादी एका वेळी शंभर ते तीनशे अंडी तराफ्यासारखी पाण्यावर सोडते आणि आपल्याकडच्या उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात.

हाच डास हत्तीरोग पसरवतो. तो जन्मतःच जंतू घेऊन येत नाही. रक्तात जंतू असलेल्या माणसाला चावला, तर दहा ते चौदा दिवसांनी तो दुसऱ्याला संसर्ग देऊ शकतो. ज्याच्या रक्तात जंतू आहेत त्याचा पाय सुजलेला असेलच असं नाही. म्हणून चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात गावातली एक उघडी टाकीही दुर्लक्षण्यासारखी नसते. रक्ततपासणीचं पथक रात्री येतं, तेही उगाच नाही. हे जंतू रात्रीच रक्तात वर येतात.

आधी डास कुठून निघतात ते पाहा

बहुतेक लोक थेट जाळी आणतात. त्याआधी संध्याकाळी व्हेंट पाईपच्या तोंडावर मच्छरदाणीच्या कापडाची सैल पिशवी घट्ट बांधा आणि सकाळी पाहा. पिशवीच्या आत डास अडकले असतील, तर ते टाकीतूनच आलेले आहेत. दोन-तीन रात्री पिशवी रिकामी राहिली, तर टाकीचं झाकण, चेंबर आणि मागचं गटार तपासा.

जाळीच्या चुका

पाईपला बूच मारू नका. टाकीतला वायू बाहेर पडायला तोच मार्ग आहे. तो बंद झाला की वास संडासात येतो. नुसती टोपी बसवूनही भागत नाही, तिच्या फटी डासाला दरवाजासारख्या असतात. साधी लोखंडी जाळी टाकीतल्या वायूने गंजते, साडीचं कापड उन्हाने विरतं. खिडकीला लावतात ती फायबरची किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी घ्या, इंचाला 16 ते 18 भोकं असलेली. चार इंची पाईपला एक फूट चौकोनी तुकडा पुरतो. तो वर थोडा फुगीर ठेवा, ताणू नका, आणि बाजूने स्टीलच्या क्लिपने आवळा. टोपी असेल तर जाळी टोपीवरूनच घ्या. पावसाळ्याआधी कोळीष्टकं आणि धूळ झाडा, नाहीतर जाळीचंच बूच होतं.

झाकणाची फट

जाळी बसवूनही डास येतात याचं कारण बहुधा हेच असतं. फरशीच्या कडेची फट सिमेंट-वाळूच्या कमजोर मिश्रणाने (1:6) बुजवा. पुढे टाकी उपसताना ते फोडता येतं. आत डोकावू नका, उतरू तर मुळीच नका आणि काडी पेटवू नका. टाकीतला विषारी वायू माणसाला काही क्षणांत बेशुद्ध करतो.

टाकीत फिनेल, ॲसिड, ब्लीचिंग

याने मैला कुजवणारे जिवाणू मरतात, टाकी लवकर भरते आणि अळ्या मात्र आठवड्याभरात परत दिसतात. त्यापेक्षा थर्माकोलचे बारीक मणी बरे: पाण्यावर त्यांचा थर बसला की अळीला श्वासासाठी वर येता येत नाही आणि मादीला अंडी घालायला पाणीच सापडत नाही. झांझिबारमधल्या माकुंडुची गावात 1988 मध्ये संडासाच्या खड्ड्यांत असे मणी टाकले, सोबत गावाला हत्तीरोगाच्या गोळ्याही दिल्या, आणि रक्तात जंतू असलेल्यांचं प्रमाण पुढे बरंच घटलं.

समजा टाकी आतून 2 मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे. पृष्ठभाग 3 चौरस मीटर. 2 सेंमी थरासाठी 60 लिटर मणी, म्हणजे पंधरा लिटरच्या चार बादल्या. मधल्या भिंतीने टाकीचे दोन भाग असतील आणि पहिला दुप्पट मोठा असेल, तर त्यात 40 लिटर आणि दुसऱ्यात 20. एका भागातून मणी दुसऱ्यात जातील या भरवशावर राहू नका. बाहेर जाणाऱ्या पाईपला टी बसवलेला हवा आणि त्याचं खालचं तोंड पाण्यात बुडालेलं हवं, तरच मणी टाकीत थांबतात. पावसात टाकी तुंबून वाहत असेल तर हा उपाय नको, मणी गटारात जातील.

गटारात तर मणी टाकूच नयेत. तिथे आधी गाळ आणि प्लास्टिक काढून पाणी वाहतं करा. जिथे ते तरीही साचतं, तिथे बीटीआय हे जैविक अळीनाशक लेबलवरच्या प्रमाणात, साधारण दर पंधरवड्याला फवारावं लागतं. स्वच्छ आणि घाण पाण्याचं प्रमाण वेगळं असतं; घाण पाण्याला जास्त लागतं, आणि 'औषधच बनावट' ही तक्रार बऱ्याचदा कमी मात्रेतून येते.

हे सगळं करून दोन दिवसांनी डास कमी झाले नाहीत म्हणून जाळी काढू नका. आधीच उडालेले डास दोन-तीन आठवडे जगतात. त्यानंतरही गुणगुण तशीच असेल, तर ती पिशवी घेऊन शेजाऱ्याच्या पाईपकडे जा.