हॉस्टेलमधलं पोर ‘बरा शे’ म्हणतं तेव्हा या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की अमळनेर, पारोळा, शिंदखेडा, शहादा भागातली पोरं पेटी-गादी घेऊन जळगाव, धुळे, नाशिक, लातूर, कोटा अशा ठिकाणी नीट आणि जेईईच्या तयारीला जातात. यातली बहुतेक सोळा वर्षांची असतात. त्यांच्यापैकी एखादं पोर आतून कोसळायला लागलं तर त्याची चिन्हं मार्कांच्या आधी झोपेत, ताटात आणि फोनवर दिसतात. समुपदेशनाच्या कामात मला पुन्हा पुन्हा दिसतं ते हे की, ती चिन्हं घरच्यांच्या आणि हॉस्टेलच्या डोळ्यांसमोर असतात, पण त्यांचा अर्थ चुकीचा लावला जातो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका मुलाची गोष्ट सांगते. कुठे काय निसटतं ते तिच्यात दिसतं.

मुलगा अमळनेर तालुक्यातला, घरी कापसाची शेती. सेमी इंग्रजीतून दहावीला ९४ टक्के. जळगावातल्या एका क्लासला अकरावीचा प्रवेश आणि तिथल्याच हॉस्टेलमध्ये चौघांची खोली. दिवाळीच्या सुमारास तो आजारी दिसू लागला तोवर सगळे म्हणत होते, ‘अभ्यास कमी पडतोय.’

मार्क पाहिले, पेपर पाहिला नाही

नीटच्या पेपरात १८० प्रश्न आणि ७२० मार्क असतात. बरोबर उत्तराला चार मार्क मिळतात, चुकीच्या उत्तराचा एक कापला जातो. पहिल्या मोठ्या टेस्टमध्ये त्याने १७० प्रश्न सोडवले. ७६ बरोबर आले, ९४ चुकले, म्हणजे ३०४ मधून ९४ वजा होऊन २१० मार्क पडले. गावच्या शाळेत कायम पहिला येणाऱ्या पोराला हा आकडा झेपला नाही. त्यातच टेस्टनंतर क्लासने बॅच बदलल्या आणि त्याला खालच्या बॅचमध्ये टाकलं. खोलीतले दोघे वरच्या बॅचमध्येच राहिले.

दीड महिन्याने तो १३८ वर आला. वडिलांना मेसेज गेला आणि त्यांनी फोनवर झाडलं. त्याचा पेपर कुणी उघडून पाहिला असता तर वेगळंच काही दिसलं असतं. या वेळी त्याने फक्त ५२ प्रश्न सोडवले होते, त्यातले ३८ बरोबर होते आणि १४ चुकले होते. म्हणजे हात लावलेल्या प्रश्नांत तो आधीपेक्षा कितीतरी जास्त बरोबर होता. त्याला येत नव्हतं असं नाही, तो थांबला होता. बायोलॉजीची पानंच्या पानं कोरी होती, आणि दहावीत त्याच्या सर्वांत आवडीचा विषय तोच. नंतर त्याने सांगितलं, ‘मॅडम, प्रश्न वाचायचो, शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेलो असायचो.’ एकाग्रता अशी तुटणं हे नैराश्याचं नेहमीचं लक्षण आहे. म्हणून टेस्टचा मेसेज आला की मार्कांच्या आधी किती प्रश्न सोडवले ते विचारा. सोडवलेले प्रश्न दोन-तीन टेस्टमध्ये सलग घटत असतील किंवा पोर टेस्टलाच दांडी मारत असेल, तर तिथे जादा तास लावून उपयोग होत नाही.

क्लासवाल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. मार्कांवरून बॅच पाडणं, चारचौघांत अपमान करणं हे शक्यतो टाळा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत टेस्टचे निकाल जाहीर न करण्याचं, आठवड्याची सुट्टी देण्याचं आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट न ठेवण्याचं म्हटलं आहे. प्रवेश घेताना पालकांनी हे तोंडावर विचारावं. रँकची यादी जिन्यात लावलेली दिसली, तर उत्तर तिथेच मिळतं.

चिडचिडीला उद्धटपणा समजलं, पोटदुखीला नाटक

मोठ्या माणसाचं नैराश्य म्हटलं की आपल्याला रडवेला, गप्प चेहरा आठवतो. सोळाव्या वर्षी ते अनेकदा चिडचिडीच्या रूपात येतं. हा मुलगा आईवर खेकसायचा, फोन कट करायचा. रेक्टरने ‘मोबाईलमुळे बिघडला’ म्हणून मोबाईल काढून घेतला आणि घरच्यांशी मोकळं बोलायचा त्याचा शेवटचा धागाही तुटला. सकाळी आठला क्लास, आणि सात वाजता त्याचं पोट दुखायचं. दवाखान्यात तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल आलं. तेव्हापासून ते दुखणं खोटं ठरलं. मन ताणाखाली असताना पोट आणि डोकं खरोखर दुखतं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दुखणं नाही असं होत नाही, फक्त त्याचं कारण दुसरीकडे शोधायचं असतं.

सगळ्यात आधी हे कळलं होतं ते मेसमधल्या वाढणाऱ्या काकांना. मेसच्या रजिस्टरमध्ये जेवणापुढे सही होते. या मुलाच्या रात्रीच्या रकान्यात आठवड्यातून चार-पाच घरं कोरी होती, आणि ज्या दिवशी सही असायची त्या दिवशी ताटात वरण-बट्टी तशीच राहायची. ते रजिस्टर महिन्याचा हिशोब करायलाच उघडलं जायचं. हॉस्टेल चालवणाऱ्याने दर रविवारी ते दहा मिनिटं चाळलं, तरी कोणत्या पोरांकडे बघायचं ते कळतं. सलग तीन-चार रात्री कुणाचं जेवण चुकलं तर रेक्टरने त्याच्या खोलीवर जावं. बोलावणं धाडू नये, स्वतः जाऊन शेजारी बसावं.

‘होईल सवय’ म्हणून सोडून दिलं

पहिल्या महिन्यात रडू येणं, ‘घरी यायचंय’ म्हणणं स्वाभाविक आहे. घरची आठवण बहुधा संध्याकाळी आणि फोननंतर उफाळून येते. मधल्या वेळात पोर जेवतं, मित्रांशी हसतं, क्रिकेटवर भांडतं, आणि तीन-चार आठवड्यांत ते हळूहळू निवळतं. कोसळणं उलट दिशेने जातं. दोन आठवडे उलटले तरी दिवसाचा बहुतेक वेळ तसाच जातो. झोप मोडते किंवा भलतीच वाढते, कपडे सैल व्हायला लागतात, आंघोळ टळते आणि आवडीची गोष्टही नकोशी होते. या मुलाने ग्राउंडवर जाणं सोडलं, रात्री तीनपर्यंत लाईट चालू ठेवून एकाच पानाकडे बघत बसायचा. खोलीतल्या पोरांना वाटायचं की हा खूप अभ्यास करतो.

काही चिन्हं दिसली तर दोन आठवडे थांबायचं नसतं. ‘माझ्यामुळे घर बुडालं’, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोलणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, अंगावर जखमांच्या खुणा, निरोप घेतल्यासारखे मेसेज. आणि खूप दिवस अस्वस्थ असलेलं पोर कारण नसताना एकदम शांत होणं. घरचे तेव्हा सुटकेचा श्वास सोडतात, पण त्याच दिवशी त्याच्यापाशी जाऊन बसायला हवं.

फोन स्पीकरवर, आणि पहिला प्रश्न मार्कांचा

रविवारी संध्याकाळी आई विचारायची, ‘बरा शे ना भाऊ?’ तो म्हणायचा, ‘हा, बरा शे.’ मागून वडिलांचा आवाज यायचा, ‘किती पडले?’ बोलणं संपायचं. फोन हॉस्टेलच्या ऑफिसातून, समोर रेक्टर आणि मागे रांग. अशा ठिकाणी कोणतंही पोर ‘बरा शे’ असंच म्हणणार.

पंधरा दिवसांतून एकदा स्वतः जा आणि हॉस्टेलच्या बाहेर, चहाच्या टपरीवर किंवा बसस्टँडच्या बाकावर एकटं बोला. विचारायचं ते साधं आहे: काल किती वाजता झोप लागली, रात्री काय जेवलास, जेवताना शेजारी कोण असतं, गेल्या आठवड्यात कशाचं हसू आलं. ‘तुझ्यासाठी शेत विकलं’, ‘मामाला सांगून बसलोय डॉक्टर होणार म्हणून’ ही वाक्यं या भेटीत काढू नका. पोराला कर्ज ठाऊक असतं. तो रात्रभर तेच मोजत असतो.

मरणाचा विषय काढला तर त्याच्या डोक्यात तो विचार शिरेल, ही भीती बहुतेक आई-वडिलांना असते. तसं होत नाही. सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, उलट पोराला बोलायला वाट मिळते. ‘खूप त्रास होतो तेव्हा जीव नकोसा वाटतो का? मरून जावं असा विचार येतो का?’ एवढंच, शांतपणे. उत्तर ‘हो’ आलं तर ओरडायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत, कुणाला सांगणार नाही असं वचनही द्यायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ आहे. जीव तातडीच्या धोक्यात असेल तर ११२.

या मुलाला मावशीने विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग ‘हो’ म्हणाला. मावशी त्याला तशीच घेऊन निघाली, हॉस्टेलची परवानगी नंतर झाली.

घरी आणलं आणि तिथेच थांबलो

पोर घरी आलं की अर्धं काम झालं असं वाटतं. आपल्या भागात मात्र एक काम त्याच्या आधी करायचं असतं. कापसाची फवारणी करणाऱ्या घरात औषधाच्या बाटल्या ओट्यावर, पडवीत, गोठ्यात असतात. पोर यायच्या आधी त्या घरातून हलवा आणि दुसरीकडे कुलपात ठेवा. किल्ली एका जाणत्या माणसाकडे राहू द्या. आजीच्या गोळ्यांचंही तसंच. आत्महत्येचा विचार अनेकदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळी हाताशी काही नसणं हा मोठा बचाव आहे.

दुसरी अडचण पैशांची. ‘वर्षाची फी भरलीय, एवढं वर्ष काढ’ असं म्हणून पोराला परत धाडलं जातं. २०२४ च्या सूचनांत म्हटलं आहे की, मधेच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, आणि हॉस्टेल क्लासचंच असेल तर त्याचे आणि मेसचेही उरलेले पैसे द्यावेत. या केंद्राच्या सूचना आहेत, कायदा नव्हे, त्यामुळे क्लासवाले टाळाटाळ करतात. तरी अर्ज लेखी द्या, त्यात या सूचनांचा उल्लेख करा आणि पोच घ्या. पैसे मिळोत न मिळोत, पोर तिथे ठेवायचं की नाही हे डॉक्टरशी बोलून ठरवा.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या तर गुण यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत काही मुलांची बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून तेव्हा जास्त लक्ष ठेवायचं आणि बदल दिसला की लगेच कळवायचं. गोळ्या मोठ्यांनी स्वतःच्या हाताने द्यायच्या. बरं वाटायला लागलं की गोळ्या बंद करायची घाई घरोघरी होते. सहसा बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात.

या मुलाने अकरावी अमळनेरलाच कॉलेजात पुरी केली. नीटचा विषय घरात सहा महिने कुणी काढला नाही. पुढच्या जूनमध्ये त्याने स्वतःच बायोलॉजीचं पुस्तक मागितलं. वडिलांनी ते आणून दिलं, आणि कितवा धडा झाला हे विचारलं नाही.