लेबल नाही म्हणजे खरं? पुराच्या दिवसांत पोस्ट पुढे पाठवताना या चुका टाळा

विश्वामित्रीचं पाणी चढायला लागलं की बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर मगरींचे व्हिडिओ सुरू होतात. यातली खरी अडचण अशी की मगरी खरोखरच बाहेर येतात. ऑगस्ट २०२४च्या पुरात नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा वनखात्याने वस्तीतून मगरी उचलून नेल्या. त्यामुळे 'असं कसं शक्य आहे' म्हणून व्हिडिओ बाजूला टाकता येत नाही. मग माणूस दुसरीकडे बघतो: पोस्टवर काही इशारा आहे का? आणि नेमकं तिथेच सगळ्यात जास्त फसायला होतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. ३१ जुलै २०१९ला बडोद्यात एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, आणि तुंबलेल्या गल्लीत पोहणाऱ्या मगरीचे व्हिडिओ तेव्हा देशभर फिरले. समजा, त्यातलाच एक तुकडा यंदाच्या पावसाळ्यात कुणीतरी 'कारेलीबाग, आज सकाळी' असं लिहून टाकला. व्हिडिओ खरा, गाव खरं, तारीख खोटी.

पहिली चूक: इशारा दिसला नाही म्हणून पोस्ट खरी मानणं

'वहिनी, त्याच्याखाली काही लिहिलेलं नाही, म्हणजे खरंच असणार.' हे वाक्य दर पावसाळ्यात ऐकू येतं. पण पोस्ट कुणी तपासून बरोबर ठरवली, तरच ती कोरी राहते, असं नाही. बहुतेक वेळा कोऱ्या पोस्टचा अर्थ इतकाच असतो की अजून कुणी तिच्याकडे पाहिलेलं नाही.

एक्सवर काय होतं ते पाहा. तिथे दिशाभूल करणाऱ्या पोस्टखाली खुलाशाची टीप लागते, तिला कम्युनिटी नोट म्हणतात. ती कंपनीचा कर्मचारी लिहीत नाही, नाव नोंदवलेले वापरकर्ते लिहितात. लिहिलेली नोट लगेच सगळ्यांना दिसत नाही. आधी इतर सदस्य ती उपयोगी आहे की नाही ते सांगतात, आणि तोवर ती `Needs More Ratings` या अवस्थेत पडून राहते. बहुतांश नोटा तिथून पुढे सरकतच नाहीत. नोट वर यायची तर एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांनी ती उपयोगी ठरवावी लागते. नुसती संख्या चालत नाही. आता विचार करा, आपल्या मगरीच्या पोस्टखाली मराठी किंवा गुजराती मजकूर आहे आणि गल्लीचं नाव आहे. असे मत देणारे सदस्य त्या पोस्टपर्यंत पोचणार किती, आणि कधी? दिल्लीतल्या मोठ्या राजकीय दाव्यावर नोट लागण्याची शक्यता त्या मानाने कितीतरी जास्त असते. आपल्या गावच्या अफवेला ही व्यवस्था फार उशिरा भेटते, किंवा भेटतच नाही.

उशिराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की नोट लागल्यानंतर त्या पोस्टचे रिपोस्ट जवळजवळ निम्म्यावर येतात. म्हणजे नोट काम करते. पण पोस्टचा बराचसा प्रसार पहिल्या काही तासांतच होऊन गेलेला असतो. त्यामुळे पोस्टचं सगळं आयुष्य धरलं तर परिणाम बराच कमी भरतो. पुराच्या रात्री ज्या तासात आपण घाबरून व्हिडिओ पाठवतो, तो तास नोट लागण्याच्या आधीचाच असतो.

शिवाय लागलेली नोट कायमची नसते. नवी मतं आली की ती उतरू शकते, म्हणून सकाळी दिसलेली नोट संध्याकाळी नसेल. ती उतरली म्हणजे दावा खरा ठरला असंही नाही. तुम्ही नोट लागण्याआधी त्या पोस्टला लाइक केलं असेल, उत्तर दिलं असेल किंवा ती रिपोस्ट केली असेल, तर एक्स तुम्हाला नंतर तशी सूचना पाठवतं. ती सूचना आली की न बघता सरकवू नका. तुमच्यामुळे ती पोस्ट कुणापर्यंत गेली, हे तुम्हालाच माहीत असतं.

दुसरी चूक: नोट लागावी म्हणून ग्रुप कामाला लावणं

खोटी पोस्ट दिसली की 'सगळ्यांनी जाऊन उपयोगी म्हणा' असा निरोप फिरतो. हेतू चांगला असतो, पण उपयोग नाही. एकाच विचाराच्या पन्नास जणांनी एकसारखं मत दिलं, तरी ही पद्धत त्याला एकाच बाजूचं मत धरते. आधीपासून वेगवेगळी मतं देत आलेल्या थोड्या लोकांचं एकमत तिथे जास्त वजनदार ठरतं. त्यापेक्षा पोस्टच्या मेनूत `Request Community Note` हा पर्याय आहे, तो वापरा आणि सोबत पुराव्याची लिंक द्या. पुरेशा लोकांनी मागणी केली की ती पोस्ट नोट लिहिणाऱ्यांसमोर येते. आपल्या उदाहरणात पुरावा म्हणजे २०१९च्या ऑगस्टमधली त्याच व्हिडिओची बातमी. व्हिडिओतली एक ठळक चौकट स्क्रीनशॉट करून गूगल लेन्समध्ये टाकली आणि जुन्यात जुनी तारीख शोधली की ती बहुधा सापडते. दुकानाची पाटी किंवा खांबाची ठेवण दिसेल अशी चौकट घ्या. नुसत्या गढूळ पाण्याची चौकट जगभरातले पूर दाखवते.

एक बारकावा आहे. नोट फोटो किंवा व्हिडिओबद्दल आहे असं लिहिणाऱ्याने नोंदवलं, तर तोच व्हिडिओ असलेल्या इतर पोस्टखालीही ती दिसू शकते. म्हणजे 'हा २०१९चा व्हिडिओ आहे, घाबरू नका' असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याच्या पोस्टखालीही 'हा व्हिडिओ जुना आहे' अशी नोट येईल. त्यात त्याचा अपमान नाही. वाचताना आधी मूळ मजकूर वाचा, मग नोट, आणि दोन्हींत खरंच विरोध आहे का ते बघा.

तिसरी चूक: फेसबुकचं प्रत्येक लेबल 'खोटं' असंच वाचणं

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर भारतात तपासणी वेगळ्या पद्धतीने चालते. मेटाने जानेवारी २०२५मध्ये बाहेरच्या फॅक्ट-चेकरांचा कार्यक्रम थांबवून कम्युनिटी नोट्स आणायचं जाहीर केलं, पण तो निर्णय अमेरिकेपुरता होता. इथे बूमसारख्या संस्था पोस्ट तपासतात आणि निकाल देतात. निकालाचे प्रकार आहेत: खोटं, फेरफार केलेलं, अंशतः खोटं, संदर्भ नसलेलं. पहिल्या दोन्हींवर इशारा ठळक असतो आणि पोस्टचा प्रसार खूप कमी केला जातो. अंशतः खोट्याचा प्रसारही घटतो, पण तितका नाही. संदर्भ नसलेल्यावर मुख्यतः माहिती देणारं लेबल लागतं.

आपल्या मगरीवर यातलं कुठलं लागेल? 'आज सकाळी' असा ठाम दावा असेल तर खोटं ठरण्याची शक्यता जास्त. 'बडोद्याच्या रस्त्यावर मगर' एवढंच लिहिलं असेल तर दावा मोघम आहे, आणि संदर्भ नसलेलं असा निकाल येऊ शकतो. म्हणून लेबल दिसलं की त्यावर टॅप करून सोबतचा लेख उघडा. चूक नक्की कशात आहे, तारखेत, गावात की व्हिडिओतच, हे तिथेच कळतं. राजकीय नेत्यांच्या स्वतःच्या वक्तव्यांना मेटा या तपासणीतून वगळतं, त्यामुळे नेत्याच्या पोस्टवर लेबल नाही यावरून काहीही सिद्ध होत नाही.

चौथी चूक: व्हॉट्सॲपचे बाण म्हणजे तपासणी समजणं

हे सगळं व्हॉट्सॲपवर आलं की गळून पडतं. फेसबुकवरचा व्हिडिओ डाउनलोड करून ग्रुपवर टाकला, की लेबल तिकडेच राहतं. स्क्रीनशॉट काढताना नोट बाहेर राहील अशी कातरली, तर ती कधी होती हेही कुणाला कळत नाही. व्हॉट्सॲपचे निरोप कंपनीला वाचता येत नाहीत, त्यामुळे तिथे मजकूर तपासून कुणी लेबल लावणं शक्यच नाही.

दुहेरी बाणासोबत दिसणारं `Forwarded many times` फक्त इतकंच सांगतं की हा निरोप पाच किंवा जास्त हातांतून पुढे आला आहे. खरी हवामान सूचनाही अशी फिरते. अशा निरोपाला एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतं, ही मर्यादा एप्रिल २०२०पासून आहे. पण कुणी तो व्हिडिओ गॅलरीत जतन करून नव्याने टाकला की बाण जातात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. एखादा काका 'मला कुणीतरी थेट पाठवलाय' म्हणतो, तेव्हा त्यात खोटेपणा नसतो. त्याला बाण दिसलेलेच नसतात.

खोटं दाखवून देतानाही तोच व्हिडिओ 'हे फेक आहे' असं लिहून पुढे पाठवू नका. पुढे पाठवणारा तुमचा मजकूर काढून टाकू शकतो, आणि मग फक्त मगर उरते. फॅक्ट-चेकची लिंक पाठवा, नाहीतर साध्या शब्दांत लिहा: 'कारेलीबागचा मगरीचा व्हिडिओ २०१९चा आहे, लिंकमध्ये तेव्हाची बातमी आहे.' ग्रुपचे ॲडमिन असाल तर मूळ निरोप सगळ्यांसाठी काढता येतो. स्वतः पाठवलेला असेल तर `Delete for everyone`साठी साधारण अडीच दिवस मिळतात. मात्र तो पुढे गेलेल्या ग्रुपांमधून त्याने निघत नाही, तिथे वेगळं कळवावंच लागतं.

पाचवी चूक: आपल्या पेजवर लेबल लागलं की पोस्ट उडवून टाकणं

मंडळाचं, वाचनालयाचं किंवा सोसायटीचं पेज चालवणाऱ्यांसाठी हे. लेबल लागलं की लाजेने पोस्ट काढण्याची घाई होते. आधी थांबा. सुधारणा मंजूर करायची की हरकत मान्य करायची, हे तपासणाऱ्या संस्थेलाच ठरवायचं असतं, आणि त्यासाठी त्यांना पोस्ट दिसावी लागते. चूक तुमची असेल तर मजकुरात ठळक दुरुस्ती करा, 'व्हिडिओ २०१९चा आहे, तारीख चुकली' असं स्पष्ट लिहा, आणि ज्या संस्थेने निकाल दिला तिला कळवा. निकालच चुकीचा वाटत असेल तर लेबलमधून हरकत घ्या किंवा त्या संस्थेला पुराव्यासह लिहा. सोबत 'आमचा हेतू चांगला होता' असं लिहून उपयोग नाही. व्हिडिओ कधीचा, कुठला आणि कुणी काढला याचा पुरावा लागतो.

याकडे दुर्लक्ष केलं तर नुकसान त्या एका पोस्टपुरतं राहत नाही. वारंवार खोटं टाकणाऱ्या पेजच्या सगळ्याच पोस्टचा प्रसार मेटा कमी करतं आणि जाहिरातीतून मिळणारं उत्पन्नही थांबू शकतं. मग गणेशोत्सवाच्या वेळापत्रकाची साधी पोस्टसुद्धा सभासदांना दिसत नाही, आणि ॲडमिन बिचारा फोटो बदलून, वेळ बदलून पाहत बसतो. पेजची पोच अचानक पडली असेल तर आधी पेजच्या सेटिंग्जमध्ये `Page quality` किंवा `Page status` उघडून बघा. एखादा जुना मगरीचा व्हिडिओ तिथे अजून नोंदलेला सापडू शकतो.